पुढचा ट्रान्सफॉर्मर कुठे बसणार? नवी मुंबईच्या वीज नियोजनकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
नवी मुंबईतील लघुदाब वीजजाळ्याचे नियोजन करणारे सर्व अभियंते
आणि सिडको व महापालिकेच्या नगररचना विभागांतील अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त विद्युत अभियंता आहे. आयुष्यभर लघुदाबाच्या, म्हणजे घराघरांपर्यंत जाणाऱ्या 415 व्होल्टच्या जाळ्याच्याच कामात होतो. येत्या उन्हाळ्याआधी आपल्याकडे ट्रान्सफॉर्मरची क्षमता वाढवण्याचे प्रस्ताव तयार होतील. घणसोली, कोपरखैरणे, गोठिवली, तळवली, रबाळे अशा गावठाणांतला भार दरवर्षी वाढतो, त्यामुळे या भागांचे प्रस्ताव त्यात असणारच. ते मंजूर होण्याआधी एक विनंती करायची आहे आणि तिच्यामागचा हिशोब मांडायचा आहे.

आधी गळतीच्या आकड्याबद्दल. वृत्तपत्रांत आणि आढावा बैठकांत जो टक्का सांगितला जातो तो बहुतेक वेळा तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी एकत्र करून काढलेला असतो. समजा जाळ्यात 100 युनिट आले, 85 युनिटांचे बिल निघाले आणि निघालेल्या बिलांपैकी 95 टक्के पैसे वसूल झाले. तर 0.85 गुणिले 0.95 म्हणजे साधारण 0.81, आणि हानी 19 टक्के. यातल्या शेवटच्या चार टक्क्यांत वीज कुठेही वाया गेलेली नाही, फक्त पैसे आलेले नाहीत. उरलेल्या 15 पैकी किती तारांत तापून गेली आणि किती चोरीत, बंद मीटरमध्ये किंवा सरासरी बिलात गेली, हे या आकड्यावरून कळत नाही. केंद्राने 2021 साली मंजूर केलेल्या 3,03,758 कोटींच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचे उद्दिष्टही याच एकत्रित आकड्यात होते: 2024-25 पर्यंत देशपातळीवर 12 ते 15 टक्के. देशाच्या पातळीवर ते चालेल. एका गावठाणात कोणते काम काढायचे हे ठरवायला तो आकडा उपयोगाचा नाही.

नवी मुंबईत तर सरासरी आणखीच फसवते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले मोठे कारखाने उच्चदाबावर वीज घेतात. तिथे लघुदाबाची तारच नाही, त्यामुळे हानी किरकोळ. समजा एखाद्या विभागातली निम्मी वीज अशा ग्राहकांना दीड टक्का हानीने गेली आणि उरलेली निम्मी वस्त्यांमध्ये 14 टक्के हानीने गेली, तर विभागाची सरासरी आठ टक्क्यांच्याही खाली येते. कागदावर विभाग उत्तम, आणि गावठाणातला ट्रान्सफॉर्मर मात्र मे महिन्यात रात्रभर तापलेला. म्हणून हिशोब डीटीसीवार हवा, म्हणजे प्रत्येक ट्रान्सफॉर्मर केंद्राचा वेगळा.

एक डीटीसी घेऊ. आकडे मी हिशोबासाठी धरले आहेत, पण गावठाणात काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. गावठाणाच्या कडेला, मुख्य रस्त्यालगत 630 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. मूळ वस्ती बैठ्या घरांची होती तेव्हा ती जागा योग्य होती. आता 400 मीटर आत, जिथे पूर्वी वाडी किंवा खळे होते, तिथे चार-पाच मजली इमारतींचा पुंजका उभा आहे. तिकडे 300 चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअर ॲल्युमिनियम केबल जाते. गरम केबलचा रोध किलोमीटरला सुमारे 0.12 ओहम, म्हणजे 400 मीटरला 0.048 ओहम. रात्री दहाला तिन्ही फेज मिळून 900 ॲम्पिअर भार असतो. पॉवर फॅक्टर 0.95 धरला तर ही सुमारे 205 किलोवॅट वीज झाली.

भार तिन्ही फेजवर सारखा, म्हणजे 300-300 असेल तर तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाला रोधाने आणि तीनने गुणून मिळते: 13 किलोवॅट. पण गावठाणात तो सारखा नसतो. फीडर पिलर उघडून टाँग टेस्टर लावला की एका फेजवर 420, दुसऱ्यावर 300 आणि तिसऱ्यावर 180 असे काहीतरी दिसते. बेरीज तीच 900, पण वर्गाची बेरीज वाढते. शिवाय न्यूट्रलमधून आता सुमारे 208 ॲम्पिअर वाहतात, आणि साडेतीन कोअरच्या केबलमध्ये न्यूट्रल फेजच्या निम्म्या जाडीचा असतो, त्याचा रोध फेजच्या दुपटीहून किंचित जास्त. हिशोब केला तर फेजमध्ये 14.3 किलोवॅट आणि न्यूट्रलमध्ये 4.3 किलोवॅट जातात. एकूण 18.6. म्हणजे भाराचा एक वॉटही न वाढता हानी 13 वरून 18.6 वर गेली.

हे टेस्टरशिवायही ओळखता येते. पिलरमध्ये न्यूट्रलच्या लगचा रंग उडालेला असतो आणि त्याच्या जवळचे इन्सुलेशन कडक होऊन तडकलेले असते. त्याच वेळी इमारतीत जड फेजवरच्या घरात दाब 200 व्होल्टच्या आसपास येतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो, आणि शेजारच्या हलक्या फेजवरच्या घरात मात्र 240 च्याही वर असतो. एकाच जिन्यावर एका घरात दाब कमी आणि दुसऱ्यात जास्त दिसला, तर ती चोरीची किंवा अपुऱ्या क्षमतेची खूण समजण्याआधी न्यूट्रल तपासावा.

फेज समतोल करायला काय लागते? रात्री नऊ ते अकरा या वेळात तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजणे, कोणत्या इमारतीची कोणती सिंगल फेज जोडणी कुठल्या फेजवर आहे याची यादी करणे, आणि जड फेजवरच्या काही जोडण्या हलक्या फेजवर नेणे. एका गँगचे थोडे काम. त्यातून हानी 30 टक्क्यांनी उतरते. प्रवाह वर्षभर याच ढंगाचा राहतो असे मानले आणि सरासरी भार शिखराच्या निम्मा धरला, तर तारेतल्या हानीची वर्षाची सरासरी शिखर हानीच्या सुमारे तीन दशांश येते. त्या हिशोबाने असमतोल केबल वर्षाला सुमारे 49,000 युनिट खाते आणि समतोल केलेली 34,000. पंधरा हजार युनिट वाचले, आणि त्यासाठी एक मीटरही नवी केबल लागली नाही.

हे काम होत नाही असे नाही. ते टिकत नाही. फ्यूज गेला की रात्री ड्यूटीवरचा वायरमन जो फेज जिवंत असेल त्यावर ती इमारत टाकतो, आणि त्या वेळी तेच बरोबर असते. पण ती नोंद कुठे होत नाही आणि इमारत तिथेच राहते. दोन उन्हाळ्यांत असमतोल परत येतो. म्हणून फेजची यादी पिलरच्या दारावर आतून लावलेली असावी आणि प्रत्येक बदल त्यावर लिहिला जावा, हे मी आग्रहाने सांगतो. न्यूट्रल शून्यावर येईल अशी अपेक्षा मात्र नको. एलईडी, इन्व्हर्टर एसी आणि चार्जर यांच्या तिसऱ्या हार्मोनिकचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिळतात, ते समतोलाने जात नाहीत.

आता नेहमीच्या बाकीच्या उपायांकडे. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर 0.95 वरून 0.99 वर नेला तर प्रवाह चार टक्क्यांनी आणि हानी आठ टक्क्यांनी कमी होते. 13 किलोवॅटपैकी एक किलोवॅट. जिथे पॉवर फॅक्टर 0.80 आहे अशा गिरणी-वर्कशॉपच्या भागात कपॅसिटर फार मोठे काम करतो, पण घरगुती वस्तीत त्याच्याकडून फार मागू नये. दुसरी समांतर केबल टाकली तर रोध निम्मा होतो आणि हानीही निम्मी, साडेसहा किलोवॅट. हा चांगला उपाय आहे, पण त्यासाठी 400 मीटर गल्ली खणायची, महापालिकेची खोदाई परवानगी घ्यायची, रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे भरायचे, आणि इतके करून निम्मी हानी तशीच ठेवायची.

एरियल बंच केबलबद्दल स्पष्ट लिहितो. तिच्यावर आकडा टाकता येत नाही म्हणून ती वाणिज्यिक हानी कमी करते. तारेची जाडी तीच ठेवली तर तिने तांत्रिक हानी स्वतःहून घटत नाही. स्मार्ट मीटरचेही तसेच: तो वाणिज्यिक हानी दाखवतो आणि बिलिंग सुधारतो, पण केबलचा रोध त्याने बदलत नाही. दोन्ही कामे करावीत. फक्त प्रस्तावात ‘हानी घट’ या एकाच शीर्षाखाली ती घालू नयेत, कारण मग दोन वर्षांनी तांत्रिक हानी का उतरली नाही याचे उत्तर कुणाकडेच नसते.

एक गोष्ट या दोन हानींना जोडते आणि ती सहसा हिशोबात येत नाही. त्याच केबलवरचे 300 पैकी 60 ॲम्पिअर चोरीचे आहेत असे समजू. चोरी नसती तर 240 ॲम्पिअरला हानी 8.3 किलोवॅट राहिली असती. म्हणजे प्रवाहाचा पाचवा भाग चोरीचा असताना तारेतली एक तृतीयांशाहून जास्त हानी त्या चोरीमुळे होते. चोरी थांबली की बिल भरणाऱ्याच्या घरातला दाबही सुधारतो. चोरीविरोधी मोहिमेच्या वेळी लोकांना हे सांगा, त्यांना ते पटेल.

आणि आता मुख्य मुद्दा. तोच 205 किलोवॅटचा भार 415 व्होल्टवर 300 ॲम्पिअर असतो, पण 22 केव्हीवर तो फक्त 5.7 ॲम्पिअर होतो. दाब 53 पट, म्हणून प्रवाह 53 पट कमी, आणि हानी वर्गाने, म्हणजे सुमारे 2,800 पट कमी. पुंजक्याच्या मधोमध 315 केव्हीएचे छोटे उपकेंद्र ठेवले आणि 400 मीटर 22 केव्हीची केबल आत नेली, तर लघुदाबापेक्षा बरीच बारीक केबल असूनही तीत दहा-पंधरा वॉट जातात. किलोवॅट नव्हे, वॉट. लघुदाबाची लांबी 400 वरून 60 मीटरवर येते आणि तिची हानी 13 किलोवॅटवरून दोनच्या आत. नव्या ट्रान्सफॉर्मरची लोहहानी यात धरायलाच हवी, कारण ती भार असो नसो, चोवीस तास चालू असते. 315 केव्हीएला साधारण 0.45 किलोवॅट धरली तर वर्षाला 3,900 युनिट. तारेतले 5,100 त्यात मिळवले तरी एकूण 9,000 युनिट. सुरुवातीला 49,000 होते, समतोलानंतर 34,000, आता 9,000. शेवटच्या टोकाचा व्होल्टेजही त्याबरोबर सुटतो. समतोल भारातही 400 मीटरवर सुमारे 16 व्होल्ट पडत होते, ते आता दोन-तीनवर येतात.

जाळ्यात बदल करून तांत्रिक हानी सर्वांत जास्त कमी करणारा उपाय हा आहे: लघुदाब आखूड करा, उच्चदाब भाराच्या मध्यापर्यंत न्या. पण तो सगळीकडे लागू नाही. याच केबलवर शिखर भार 300 ऐवजी 100 ॲम्पिअर असता तर तिची हानी वर्षाला 3,800 युनिट असती, आणि नव्या ट्रान्सफॉर्मरची लोहहानीच तेवढी आहे. फायदा शून्य. म्हणून जिथे भार विरळ आहे तिथे लहान लहान ट्रान्सफॉर्मर पेरत सुटणे चुकीचे. आधी डीटीसीचा प्रवाह आणि अंतर पाहायचे, मग निर्णय.

पैशाचा हिशोबही लपवत नाही. 34,000 वरून 9,000 म्हणजे 25,000 युनिट वाचतात. युनिटला पाच रुपये धरले तर वर्षाला सव्वा लाख. ट्रान्सफॉर्मर, रिंग मेन युनिट, केबल आणि खोदाई यांचा खर्च एवढ्यावर लवकर फिटत नाही. केवळ हानी कमी करण्यासाठी नवे उपकेंद्र मागितले तर लेखा विभाग ते परत पाठवेल, आणि त्यांचे बरोबर असेल. मात्र गावठाणात क्षमता वाढवावी लागणारच आहे. तो खर्च तसाही होणार. प्रश्न फक्त जागेचा आहे. आज बहुतेक वेळा 630 च्या शेजारी दुसरा ट्रान्सफॉर्मर बसतो किंवा त्याच चौथऱ्यावर मोठा येतो, कारण तिथे जागा आहे, कुंपण आहे आणि कुणाची हरकत नाही. मग क्षमता वाढते, लोक आणखी एसी लावतात, आणि तोच वाढलेला प्रवाह त्याच 400 मीटरमधून जातो. हानी उतरण्याऐवजी वाढते, आणि ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वर्षे तिथेच राहतो. तोच ट्रान्सफॉर्मर पुंजक्याजवळ गेला तर जादा खर्च फक्त 22 केव्हीच्या केबलचा, तिच्या खोदाईचा आणि जागेचा. त्या जादा खर्चाशी वर्षाचे सव्वा लाख ताडून पाहिले की चित्र वेगळे दिसते.

जागा मिळत नाही हे मला माहीत आहे. नगररचना विभागाला म्हणूनच या पत्रात जोडून घेतले आहे. गावठाणात महापालिकेची शाळा, समाजमंदिर, मासळी बाजार किंवा तळ्याकाठचा मोकळा कोपरा असतो. कॉम्पॅक्ट उपकेंद्राला लागणारी जागा मोठी नसते. इमारतीच्या तळमजल्यावर ठेवायची असेल तर तेलाचा ट्रान्सफॉर्मर नको, ड्राय टाइप हवा. खाडीकडच्या सखल भागात चौथरा पावसाच्या पाण्याच्या वर उचलावा लागेल. लोकांचा विरोध खरा असतो, त्यांना आगीची आणि आवाजाची भीती वाटते. त्यांना समोर बसवून आजचा त्यांच्या घरातला व्होल्टेज आणि उद्याचा होणारा व्होल्टेज दाखवला तर बोलणे पुढे सरकते, हे मी अनुभवाने सांगतो.

आता शेवटची गोष्ट: तांत्रिक किती आणि वाणिज्यिक किती हे वेगळे कसे काढायचे. डीटीसी मीटरमधून ग्राहकांच्या युनिटांची बेरीज वजा केली की एकूण फरक मिळतो. त्याला चोरी म्हणण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. डीटीसी मीटरचा सीटी गुणक बरोबर नोंदला आहे का, ग्राहक खरोखर त्याच डीटीसीवर आहेत का की बिघाडात दुसरीकडे टाकले आणि नोंद राहिली, रीडिंगच्या तारखा जुळतात का, आणि पथदिवे, बंद घरे, सरासरी बिले यांचे काय. माझ्या पाहण्यात मोठा वाटणारा फरक पुष्कळदा ग्राहक चुकीच्या डीटीसीला जोडलेले असल्यामुळे निघालेला आहे.

हे झाल्यावर स्मार्ट मीटरचे अर्ध्या तासाचे आकडे उपयोगी पडतात. तांत्रिक हानी प्रवाहाच्या वर्गाने चालते. समतोल केलेल्या आपल्या केबलवर रात्री दहाला 300 ॲम्पिअरवर फरक 13 किलोवॅट असेल, तर पहाटे चारला 100 ॲम्पिअरवर तो दीड किलोवॅटपर्यंत उतरायला हवा. पहाटेही 12 किलोवॅटचा फरक दिसत असेल तर त्यातले साडेदहा तारेत जात नाहीत, ते कुणीतरी मीटरबाहेर वापरत आहे किंवा नोंद चुकली आहे. प्रवाहाचा वर्ग आडव्या अक्षावर आणि फरक उभ्या अक्षावर मांडला तर ठिपके सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ जाळ्याचा रोध सांगतो, आणि प्रवाह शून्य असताना उरणारा भाग तारेतला नसतो. मर्यादा एवढीच की चोरीचा एसीही रात्रीच चालत असेल तर तो याच चढात लपतो. म्हणून मोजलेला चढ केबलच्या लांबी-जाडीवरून काढलेल्या रोधाशी ताडून पाहावा. चढ फार जास्त आला तर चोरी, असमतोल किंवा सैल जोड यांपैकी काहीतरी आहे, आणि ते त्याच रात्री पिलरपाशी उभे राहून शोधता येते.

माझी विनंती तीन कामांची आहे. उन्हाळ्याआधी गावठाणांतल्या सर्वाधिक भाराच्या डीटीसींवर रात्रीचे फेजप्रवाह मोजून समतोल करावा आणि महिन्याने परत मोजावा. प्रत्येक डीटीसीची तांत्रिक व वाणिज्यिक हानी वेगळ्या रकान्यांत लिहावी. आणि क्षमता वाढवण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला भारकेंद्राचा नकाशा आणि त्याच जागी की भारकेंद्रात, या दोन पर्यायांच्या वार्षिक हानीचे आकडे जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नये. तो हिशोब करायला एका अभियंत्याला एक दुपार लागते. मोजणीला किंवा गावकऱ्यांशी बोलायला माझी गरज वाटली तर मी येईन.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता
कोपरखैरणे, नवी मुंबई